सरासरी ५६, आणि ५६ च्या आसपास कुणीच नाही!

मंडळी, या शनिवारी थोडं भांडायचं आहे. भांडण सरासरीशी आहे. म्हणजे सरासरी काढण्याशी नाही, तर ती काढून झाली की दोन वर्गांची तुलना संपली असं मानणाऱ्यांशी.

आमच्याकडे बारामती-इंदापूर पट्ट्यात निकाल लागला की चौकाचौकात फ्लेक्स लागतात. वर पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो, खाली ठळक अक्षरात "शाळेचा निकाल अमुक टक्के". शाळेच्या आतल्या मीटिंगमध्येही फार वेगळं काही नसतं. तुकडीची सरासरी, पास किती, नापास किती, पहिला कोण. एवढ्यावरून कुठल्या सरांचं कौतुक करायचं आणि कुणाला "जरा लक्ष घाला" म्हणून सुनवायचं ते ठरतं. माझं म्हणणं असं की या आकड्यांवरून ते ठरवताच येत नाही. आणि ते दाखवायला संगणकाचीही गरज नाही, वहीचं एक पान आणि वीस मिनिटं पुरतात.

एक उदाहरण घेऊ. खऱ्या पोरांचे गुण इथे टाकणं बरोबर नाही, म्हणून आकडे मी रचलेले आहेत. समजा, एकाच संस्थेच्या दोन शाळा आहेत, एक बारामतीत आणि एक इंदापुरात. दोन्हीकडे दहावीची २० मुलांची एकेक तुकडी. गणिताची सराव परीक्षा, तोच पेपर, १०० गुण, पासाची रेघ ३५ वर. निकाल आला: बारामतीची सरासरी ५६, इंदापूरची सरासरी ५६. बारामतीत २० पैकी १८ पास, इंदापुरातही २० पैकी १८ पास. झालं! दोन्ही वर्ग सारखे, मीटिंग संपली, चहा आणा.

आता तेच गुण असे मांडू:

```
  बारामती      |   | इंदापूर
               | २ | २ ७
         ९ ३ १ | ३ | ५ ५ ५ ६ ८
       ९ ७ ६ ४ | ४ | १ ३
   ९ ८ ६ ५ ३ १ | ५ |
       ९ ६ २ ० | ६ | ४ ६ ८
           ९ ४ | ७ | ० १ ३ ५ ७
             ९ | ८ | ० १ ३
```

याला स्टेम-अँड-लीफ प्लॉट म्हणतात, आपण खोड-पान म्हणू. मधला उभा स्तंभ हे खोड, म्हणजे गुणांमधला दशक. दोन्ही बाजूंचे सुटे अंक ही पानं, म्हणजे एकक. इंदापूरच्या पहिल्या ओळीत २२ आणि २७ आहेत. बारामतीच्या ३ च्या ओळीत खोडाकडून बाहेर वाचत जायचं: ३१, ३३, ३९. दोन वर्ग पाठीला पाठ लावून एकाच खोडावर उभे केलेत, म्हणून तुलना करायला मान वळवावी लागत नाही. ही रीत लोकप्रिय केली जॉन टुकी यांनी, १९७७ च्या 'एक्स्प्लोरेटरी डेटा अॅनालिसिस' या पुस्तकातून. आपण रोज ज्याच्या जिवावर पगार घेतो तो 'बिट' हा शब्दही याच माणसाचा :-)

आता चित्राकडे बघा. बारामतीचा वर्ग मधे फुगलेला आणि दोन्ही टोकांना निमुळता आहे. ५६ ही त्याची सरासरी खरंच त्याच्याबद्दल काहीतरी सांगते, कारण सगळ्यात जास्त पोरं तिथेच बसली आहेत. इंदापूरच्या वर्गाला मात्र मधलं पोटच नाही. ४३ नंतर थेट ६४! पन्नाशीत एकसुद्धा पोर नाही. म्हणजे ज्या ५६ च्या नावाने आपण या वर्गाला ओळखतो, तसं पोर त्या वर्गात नाहीच. तिथे एका खोलीत दोन वर्ग बसलेत, आणि सरासरीने त्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत खुर्ची टाकली आहे.

"मग मध्यक काढा की" असं म्हणणारे भेटतात. काढू. बारामतीचा मध्यक ५५.५ येतो आणि इंदापूरचा ६५. झाली पंचाईत! सरासरी म्हणते दोघं सारखे, मध्यक म्हणतो इंदापूर दहा गुणांनी पुढे. आणि इंदापूरची खालची नऊ पोरं दोन्ही आकड्यांत दिसत नाहीत.

याचा परिणाम काय होतो ते महत्त्वाचं. उजळणीचे तास ठेवताना सर 'सरासरी पोरगा' डोळ्यापुढे ठेवून शिकवतात. बारामतीत ते चालून जाईल. इंदापुरात मात्र ५६ वाल्यासाठी घेतलेला तास कुणासाठीच नसतो. वरच्या अकरा जणांना तो कंटाळवाणा आणि खालच्या नऊ जणांच्या डोक्यावरून जाणारा. तिथे दोन गट करून दोन वेगळे तास घ्यायला हवेत, आणि हे सांगणारी एकच गोष्ट कागदावर आहे, ती म्हणजे ५ च्या पुढची रिकामी ओळ. म्हणून एक नियम पक्का: रिकामी ओळ कधीही गाळायची नाही. "तिथे काही नाही, मग कशाला लिहायचं" म्हणून ती खोडली की ४ ला ६ चिकटतो आणि दरी गायब होते.

आता दुसरी फट बघू, ती जरा नाजूक आहे. ३ चं खोड दोन ओळींत फोडा, ३० ते ३४ एक आणि ३५ ते ३९ दुसरी:

```
  बारामती      |   | इंदापूर
           ३ १ | ३ |
             ९ | ३ | ५ ५ ५ ६ ८
```

इंदापुरात २८ ते ३४ मधे कुणीच नाही आणि बरोबर ३५ वर तीन जण उभे आहेत. पेपर तपासणाऱ्या कुणालाही हे बघून काय झालं असेल ते कळतं. ३२ वाल्याला "जाऊ दे, काठावर आहे" म्हणून ढकलला असावा. असावा म्हणतोय, कारण वीस पोरांत एखादी फट निव्वळ योगायोगानेही पडते. बारामतीतही ७९ आणि ८९ च्या मधे दहा गुणांची फट आहेच की. पण ती एका हुशार पोरामुळे टोकाला पडलेली आहे, तिच्यावरून काही शोधायला जाऊ नये. इंदापूरची फट मात्र नेमकी नियमाच्या रेघेखाली आहे आणि रेघेवर ढीग आहे. फट आणि तिला चिकटून ढीग असे दोन्ही एकत्र दिसले की संशय घ्यायचा, आणि मग त्या तीन उत्तरपत्रिका काढून प्रश्नवार गुणांची बेरीज पुन्हा करायची. शिक्षा करायला नव्हे. ती तीन पोरं 'पास' या रकान्यात लपली आहेत, मदतीची गरज सगळ्यात जास्त त्यांना आहे आणि नापासांच्या जादा तासाला त्यांना कुणी बोलावणार नाही, म्हणून.

असल्या फटी मोठ्या प्रमाणावर दिसल्याचं उदाहरण आपल्या देशातच आहे. २०१३ मधे देबर्घ्य दास या कॉर्नेलमधल्या विद्यार्थ्याने आयसीएसई आणि आयएससीच्या निकालांचा डेटा मांडून दाखवला होता, की ८१, ८२, ८४, ८५ असे कितीतरी गुण कुणालाच मिळालेले नाहीत. इतक्या प्रचंड संख्येत ही पोकळी योगायोगाने पडू शकत नाही. मंडळाने गुणांच्या प्रमाणीकरणाकडे बोट दाखवलं. ते बरोबर की चूक हा वाद वेगळा, पण प्रश्न विचारता आला तो एकेक गुण सुटा मांडला म्हणून.

आणि इथेच आपल्या पुस्तकी पद्धतीशी माझं दुसरं भांडण आहे. दहावीच्या गणितात सांख्यिकी आहे, आयतालेख आहे, वर्गीकृत वारंवारता सारणी आहे. पण सारणी केली की सुटे गुण पुसले जातात. ० ते २०, २० ते ४० असे वर्ग पाडले तर इंदापूरची सात पोरं '२० ते ४०' या डब्यात पडतात. पुढे मध्य काढताना ती सगळी वर्गमध्यावर, म्हणजे ३० वर आहेत असं धरायचं. आणि आपण आत्ताच पाहिलं की २८ ते ३४ मधे तिथे कुणीच नाही! आयतालेखात पन्नाशीची दरी निदान थोडी तरी दिसेल, पण ३५ ची भानगड डब्याच्या आत कायमची गाडली जाते. खोड-पान मात्र मूळ आकडे जपतं. सगळी पानं ० आणि ५ चीच दिसली, तर तपासणारा अंदाजाने गुण देतोय हेसुद्धा त्यात कळतं.

त्याच्याही मर्यादा आहेत, त्या मान्य. तुकडीत शंभराच्या वर पोरं असली की ओळी कागदाबाहेर जातात, तिथे आयतालेखच बरा. एका वर्गात ६० आणि दुसऱ्यात ३० असतील तर ओळींची लांबी थेट ताडून बघायची नाही, फक्त आकार आणि फटी बघायच्या. पानं एकाखाली एक सारख्या अंतरावर लिहायची, नाहीतर गिचमिड अक्षरातली सहा पानं चारएवढी दिसतात. आणि सगळ्यात मोठी मर्यादा म्हणजे हे चित्र कारण सांगत नाही. इंदापुरात दोन गट का पडले? जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीपर्यंत मराठीतून गणित शिकून आठवीला सेमीत आलेली पोरं खाली आहेत का? की लांबून एसटीने येणारी, पहिला तास बुडणारी? हजेरीपट घेऊन त्या पोरांच्या पानांभोवती गोल करा. गोल सगळे खालच्या गटात पडले तर धागा मिळाला. दोन्हीकडे विखुरले तर तो संशय सोडून पुढचा धरा.

"एवढा वेळ कुणाकडे आहे?" हा नेहमीचा प्रश्न. गुणांचं रजिस्टर तयारच असतं. वीस-चाळीस अंक दशकाप्रमाणे लिहायचे आणि ओळीत चढत्या क्रमाने लावायचे, बास. एवढा वेळ फ्लेक्सवरच्या फोटोंचा क्रम ठरवण्यात जातोच की.

असो. संस्थाचालकांना आणि हेडसरांना विनंती एकच: कुठल्याही सरांना सरासरीवरून शाबासकी किंवा दम देण्याआधी दोन्ही वर्गांचं हे एक पान टेबलावर मागवा. आणि पालक असाल तर पालकसभेत "सरासरी किती?" विचारू नका, "मधे किती पोरं आहेत, आणि ३५ च्या खाली लगेच कोण आहे?" असं विचारा.