चौदाचे झाले अठ्ठ्याण्णव!

परवा झरी जामणीत आमच्या वर्गात गंमतच झाली. दुकानदारानं हातानं लिहिलेल्या बिलाचा मी मोबाइलवर फोटो काढला आणि मजकूर ओळखणाऱ्या प्रोग्रामला दिला. बिलावर होतं : १४ वह्या, दर १० रुपये, एकूण १४०. पडद्यावर उमटलं 98, 90 आणि 980!

चूक पकडली चौथीतल्या एका मुलीनं. "सर, ९८ गुणिले ९० म्हणजे ८८२०. मग ९८० कसे?"

झालं होतं असं, की प्रोग्रामची भाषा इंग्रजीच राहिली होती. आपला १ दिसतो इंग्रजी नवासारखा आणि ४ आठासारखा. शून्य मात्र दोन्हीकडं सारखंच, म्हणून ते वाचलं!

भाषा मराठी केली. आता १४ आणि १० बरोबर आले, पण एकूण आलं ९४०. घाईत लिहिलेले आपले १ आणि ९ सारखेच दिसतात ना! पुन्हा गुणाकार केला, तर १४०. गुणाकार चुकलाय एवढंच कळतं, कुठला आकडा चुकला ते नाही. म्हणून मूळ बिल काढलं. खाली अक्षरी लिहिलं होतं, 'एकशे चाळीस'.