हिशेबाची वही : नाण्यांचा रोजमेळ

सांगलीच्या बाजारपेठेतील एका तरुण कापड व्यापाऱ्याला 2025 च्या जुलैमध्ये आयकर खात्याचा संदेश आला. 2023-24 या वर्षी त्याच्या नावावर आभासी नाण्यांची 3,40,000 रुपयांची विक्री दिसत होती. विवरणपत्रात तिचा उल्लेख नव्हता. विक्रीवर एक्स्चेंजने कापलेल्या एक टक्का करामुळे ही रक्कम वार्षिक माहिती विवरणात उमटली होती. ती विक्रीची रक्कम होती, नफ्याची नव्हे. खरेदीचा पुरावा देणे त्याचेच काम होते.

विक्री ज्या एक्स्चेंजवर झाली, त्याच्या उताऱ्यात एक इथर 2,80,000 रुपयांना विकल्याची नोंद होती, खरेदीची नव्हती. कारण त्याने दोन इथर दुसऱ्या एक्स्चेंजवर 3,00,000 रुपयांना घेऊन स्वतःच्या वॉलेटमध्ये ठेवले होते. स्वतःच्या एका पेटीतून दुसऱ्या पेटीत माल हलवणे ही विक्री नव्हे. पण ते सिद्ध करावे लागते.

त्यासाठी त्याने तीन नोंदी एकाखाली एक मांडल्या : पहिल्या एक्स्चेंजवरून 2 इथर निघाले, शुल्क वजा जाऊन वॉलेटमध्ये 1.995 जमा झाले, तेथून 1 इथर दुसऱ्या एक्स्चेंजवर गेले. प्रत्येक हस्तांतरणाचा व्यवहार क्रमांक, म्हणजे हॅश, दोन्हीकडे एकच निघाला. एका उताऱ्यातील वेळ साडेपाच तास मागे दिसली, कारण तो जागतिक प्रमाणवेळेत होता. पाठवणीचे शुल्क 0.001 वजा जाता वॉलेटमध्ये 0.994 उरले. विकलेले, उरलेले आणि शुल्कात गेलेले मिळून बरोबर दोन. रोजमेळ जुळला.

दुसरे एक नाणे त्याने 1,00,000 ला घेऊन 60,000 ला विकले होते. इथरचा नफा 1,30,000. त्यातून 40,000 चा तोटा वजा करून 90,000 दाखवावेत, असे त्याला वाटले. येथेच अनेकांची चूक होते. कलम 115 बीबीएच नुसार फक्त खरेदी किंमत वजा होते. एका नाण्याचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही आणि पुढील वर्षीही नेता येत नाही. म्हणून 1,30,000 वर 30 टक्क्यांनी 39,000, उपकर 4 टक्के मिळून 40,560 रुपये कर झाला. आधीच कापलेले 3,400 वजा जाता 37,160 उरले.

कर निर्धारणाची कार्यवाही सुरू झालेली नव्हती, म्हणून अद्ययावत विवरणपत्राचा मार्ग खुला होता. 31 मार्च 2026 पर्यंत ते भरल्यास कर व व्याजाच्या बेरजेवर 25 टक्के अधिक भरावे लागत. त्यानंतरच्या वर्षी 50 टक्के. त्याने ते ऑगस्टमध्येच भरले. उत्तरासोबत दोन्ही एक्स्चेंजचे मूळ उतारे, वॉलेटचा पत्ता, हॅशची यादी आणि एक पानी ताळेबंद जोडला. वॉलेटचे गुप्त शब्द मात्र त्याने कोणालाच दिले नाहीत. मालकी पटवायला पत्ता व व्यवहारांची साखळी पुरते. गुप्त शब्द हाती पडले, तर उरलेले इथरही जाते.