घास भरवताना मोबाईल नको

मैत्रिणींनो, लहान मुलांच्या मोबाईलवर बोलायचं म्हटलं की आपल्यात दोन टोकं दिसतात. एक टोक म्हणतं, 'मोबाईल म्हणजे विष, मुलाला दाखवूसुद्धा नका.' दुसरं म्हणतं, 'आजकाल सगळीच मुलं बघतात, काही होत नाही.' मला दोन्ही पटत नाहीत. पहिलं घरात पाळलं जात नाही, आणि दुसऱ्यामुळे वेळेवर लक्ष देण्याची संधी हातची जाते. माझं मत असं आहे की दोन-अडीच वर्षांपर्यंतच्या मुलासाठी एकच नियम आधी पक्का करावा: जेवताना पडदा नाही. मोबाईल नाही, टीव्हीही नाही. बाकीचे नियम त्याच्या मागून येतात.

जेवणच का, तर मूल बोलायला शिकतं ते देवाणघेवाणीतून. ते 'ऊं' करतं, आपण विचारतो, 'भात हवा? अजून भात?' ते मान हलवतं, आपण पुन्हा बोलतो. हा चेंडू दिवसभर इकडून तिकडे जात असतो, आणि सगळ्यात जास्त जातो तो ताटाजवळ. तिथे मोबाईल उभा केला की मूल नुसतं तोंड उघडतं आणि आपण नुसता घास भरतो. दोघांचंही बोलणं थांबतं. नुकसान कार्टूनमुळे जेवढं होतं, त्याहून जास्त कार्टूनमुळे जे राहून जातं त्याने होतं.

'पण व्हिडिओत पण शब्दच असतात की,' असं बऱ्याच जणी म्हणतात. अमेरिकेत पॅट्रिशिया कूल यांनी २००३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. नऊ महिन्यांच्या बाळांसमोर चिनी भाषा बोलणारी माणसं बसवली. त्यांनी बाळांशी खेळत, पुस्तक दाखवत बारा वेळा गप्पा मारल्या, आणि त्या बाळांना चिनी भाषेतले बारीक उच्चारभेद ओळखू येऊ लागले. दुसऱ्या बाळांना त्याच माणसांचं तेच बोलणं पडद्यावर दाखवलं. त्यांना काहीच आलं नाही. आवाज तोच, चेहरा तोच, फक्त समोरचं माणूस बाळाकडे बघून उत्तर देत नव्हतं.

म्हणूनच व्हिडिओ कॉलची गोष्ट वेगळी आहे. २०१४ च्या एका अभ्यासात दोन ते अडीच वर्षांची मुलं व्हिडिओ कॉलवर बोलणाऱ्या बाईकडून नवे शब्द शिकली, पण आधीच रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओतून शिकली नाहीत. पुण्यातली आजी कॉलवर 'काय खाल्लंस?' विचारते आणि उत्तराची वाट बघते, ते चालतं. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्लाही असाच आहे: दोन वर्षांखाली पडदा नको, अपवाद फक्त नातेवाइकांच्या अधूनमधून होणाऱ्या व्हिडिओ कॉलचा. दोन ते पाच वर्षांपर्यंत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही मोठ्यांच्या देखरेखीखाली, आणि जेवढा कमी तेवढा बरा.

इथे आपल्या घरांतली एक सवलत मला खटकते. 'तो कार्टून नाही बघत, णमोकार मंत्राचा व्हिडिओ बघतो,' असं कौतुकाने सांगितलं जातं. दीड वर्षाच्या मुलाच्या दृष्टीने तो पडदाच असतो. मांडीवर घेऊन मंत्र म्हटला, ओळीच्या शेवटी थांबलो आणि त्याने शेवटचं अक्षर पुरं केलं, तर ती देवाणघेवाण झाली. व्हिडिओ लावून आपण पोळ्या लाटायला गेलो, तर नाही. मूल पूर्ण मंत्र घडाघडा म्हणतं, एबीसीडी म्हणतं, पण तहान लागली की 'पाणी दे' म्हणत नाही, हात धरून माठाजवळ नेतं, असं दिसलं तर कौतुक बाजूला ठेवावं. पाठ म्हणणं आणि भाषा वापरणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

आता प्रत्यक्ष काय होतं ते सांगते. माझ्या भाचीचा मुलगा एक वर्ष दहा महिन्यांचा होता आणि जेमतेम दहा शब्द बोलत होता. बालरोगतज्ज्ञांनी दोन गोष्टी सांगितल्या: कानाची तपासणी करून घ्या, आणि पडदा बंद करून सहा आठवड्यांनी दाखवा. घरात सगळे म्हणत होते, 'अर्धा तासच बघतो.' भाचीने एक दिवस वहीत मिनिटं लिहिली. सकाळी दूध पिताना २०, दुपारच्या जेवणाला ३५, संध्याकाळी स्वयंपाकाच्या वेळी ५५, झोपवताना २०. एकूण १३० मिनिटं, म्हणजे दोन तास दहा मिनिटं. शिवाय बाहेरच्या खोलीत टीव्ही दुपारभर चालू. ही एक दिवसाची नोंद मी प्रत्येकीला करायला सांगेन, कारण अंदाज जवळजवळ नेहमी कमी निघतो.

पहिल्या आठवड्यात तिने फक्त जेवण धरलं. पहिले तीन दिवस मुलाने रडून घर डोक्यावर घेतलं आणि निम्मंच खाल्लं. सासूबाईंचा जीव कासावीस झाला, आणि नियम मोडतो तो नेमका इथेच. तिने त्याला सगळ्यांच्या पंगतीत बसवलं, त्याच्यापुढे स्वतःची छोटी ताटली ठेवली. मुगाच्या धिरड्याचे लांबट तुकडे, मऊ वरणभात, पपईच्या फोडी, असं हाताने उचलता येईल ते दिलं. वीस मिनिटांत ताट उचलायचं, मागे धावायचं नाही. दोन जेवणांच्या मध्ये दूध आणि बिस्किटं बंद केली, कारण पोट भरलेलं मूल ताटाकडे बघत नाही. पाचव्या दिवशी तो मोबाईल न मागता जेवला. सांडलं खूप, पण जेवला. निरोगी मूल दोन-चार दिवस कमी खाल्ल्याने खंगत नाही. मात्र वजन आधीच कमी असेल किंवा आजारपण असेल, तर हे डॉक्टरांना विचारूनच करावं.

दुसऱ्या आठवड्यात संध्याकाळची वेळ धरली. आपल्याकडे सूर्यास्तापूर्वी जेवायचं, म्हणजे हिवाळ्यात पावणेपाच ते सहा हा तास घाईचा, आणि त्याच वेळी मूल भुकेलेलं, किरकिरं. मोबाईल हातात जातो तो तेव्हाच. सोय अशी केली की स्वयंपाकाचं निम्मं काम दुपारी, मूल झोपलेलं असताना उरकायचं, आणि संध्याकाळी मुलाला ओट्यापासून लांब, पण डोळ्यांसमोर बसवायचं. त्याच्यापुढे वाट्या, झाकणं, मेथीच्या काड्या. मटार, शेंगदाणे, डाळीचे दाणे मुळीच नकोत. ते नाकात किंवा श्वासनळीत जातात. आणि आपण जे करतोय ते बोलून दाखवायचं: 'झाकण ठेवलं. झाकण कुठंय?' मग थांबायचं. मनात पाचपर्यंत मोजायचं. हे थांबणं फार महत्त्वाचं आहे, कारण लहान मुलाला उत्तर जुळवायला वेळ लागतो आणि आपण घाईने पुढचा प्रश्न विचारतो.

टीव्ही हा बहुतेक घरांत विसरलेला भाग आहे. 'तो बघतच नाही, बाबा बघतात,' असं म्हणतात. अमेरिकेत २००८ मध्ये एक ते तीन वर्षांच्या मुलांना खेळणी देऊन खोलीत मोठ्यांचा कार्यक्रम लावून ठेवला. मुलं टीव्हीकडे अधूनमधून काही क्षणच बघत होती, तरी त्यांचा एकेका खेळण्याशी खेळण्याचा वेळ कमी झाला. लक्ष टिकवायला मूल अशा खेळातूनच शिकतं. 'मोबाईलवर अर्धा तास कसा एकाग्र बसतो' हे त्यामुळे मला पटत नाही. तिथे दर काही सेकंदांनी चित्र बदलून लक्ष ओढून धरलेलं असतं. वाटीत वाटी बसत नाही म्हणून पाच मिनिटं झटापट करणारं मूल स्वतःचं लक्ष स्वतः धरून ठेवतं. भाचीच्या सासऱ्यांनी बातम्या दुपारी मूल झोपल्यावर बघायचं कबूल केलं, आणि हा बदल मला सगळ्यात मोठा वाटतो.

सहा आठवड्यांनी मुलाचे शब्द पंचवीसच्या आसपास गेले होते, आणि तो 'आई, दे' असं म्हणायला लागला होता. कानाची तपासणी ठीक आली. पण हे सगळं फक्त मोबाईल बंद केल्याने झालं असं मी म्हणणार नाही. त्या वयात शब्द तसेही वाढतात, आणि घरातली माणसं त्याच्याशी जास्त बोलू लागली होती. संशोधनाचीही हीच मर्यादा आहे. जास्त पडदा बघणाऱ्या मुलांची भाषा सरासरीने थोडी मागे दिसते, पण त्यातला किती वाटा पडद्याचा, किती घरातल्या परिस्थितीचा, हे पूर्ण वेगळं काढता येत नाही. शिवाय जे मूल मुळातच कमी बोलतं, त्याच्या हातात मोबाईल लवकर दिला जातो, असंही घडतं.

म्हणून एक सावधगिरी. बारा महिन्यांपर्यंत बडबड नाही किंवा नावाने हाक मारल्यावर बघत नाही, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत स्वतःहून दोन शब्द जोडत नाही, किंवा येत असलेले शब्द कोणत्याही वयात गेले, तर 'मोबाईलमुळे असेल, बंद करून बघू' किंवा 'याचे बाबाही उशिरा बोलले' म्हणत वर्ष घालवू नका. आधी कान तपासा आणि बालरोगतज्ज्ञांना दाखवा. स्वमग्नता मोबाईलने होते असं सिद्ध झालेलं नाही. त्या धास्तीने आईला दोष देत बसलं की तपासणी लांबते आणि मुलाचे महत्त्वाचे महिने जातात.

दोन वर्षांनंतर काय? दिवसातून एकदा, अर्धा तास, शक्यतो मोबाईलऐवजी टीव्हीवर, कोणीतरी शेजारी बसून. आपोआप पुढचा व्हिडिओ सुरू होण्याची सोय बंद करावी, म्हणजे 'ही गोष्ट संपली की बंद' हे मुलाला कळतं. मिनिटं त्याला कळत नाहीत. झोपण्याआधीचा एक तास पडदा नको. प्रवासात, दवाखान्यात, आई तापाने पडलेली असताना एखाद्या दिवशी नियम मोडला तर मोडला. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा पाळावा.

आणि शेवटचं, सासूबाईंना आणि घरातल्या पुरुषांना वाचून दाखवावं असं. हा नियम सुनेचा नाही, घराचा आहे. ती दोन्ही वेळचा स्वयंपाक, धुणं, पाणी गाळणं आणि मूल एकटीने सांभाळत असेल, तर मोबाईल तिच्या तिसऱ्या हाताचं काम करतो. तो काढून घ्यायचा असेल तर त्या जागी माणसाचा हात द्यावा लागतो. संध्याकाळी पाच ते सहा मूल कोण घेणार, हे आधी ठरवा, आणि मग तिला मोबाईल बंद करायला सांगा.

जय जिनेंद्र.