दिसण्याचे गुण कोणत्या रकान्यात?

दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्याकडे माजी विद्यार्थिनी जाहिरातींची कात्रणे आणि मोबाइलवरचे फोटो घेऊन येऊ लागतात. "मॅडम, इथे अर्ज करू का?" जाहिराती बहुतेक एकाच साच्याच्या असतात. मोबाइलच्या दुकानात सेल्सगर्ल पाहिजे, दवाखान्यात रिसेप्शनिस्ट पाहिजे, कपड्यांच्या शोरूममध्ये काउंटरवर मुली पाहिजेत. शिक्षण बारावी, वय 18 ते 25, आणि शेवटी तो एक शब्द: 'प्रेझेंटेबल'. कुठे 'प्लीझिंग पर्सनॅलिटी', कुठे 'आकर्षक व्यक्तिमत्त्व', आणि एखादा सरळ मनाचा दुकानदार 'दिसायला चांगली' असेच छापून मोकळा होतो.

मुली या शब्दापाशी अडतात. जिचा रंग सावळा आहे तिला वाटते, हे आपल्यासाठी नाही. जिच्या गालावर लहानपणी स्टोव्हने भाजल्याचा डाग आहे ती तर जाहिरात पुढे वाचतच नाही. आणि डोक्यावर रुमाल बांधणारी विचारते, "मॅडम, प्रेझेंटेबल म्हणजे रुमाल चालतो की नाही?" खरे सांगायचे तर या प्रश्नाचे उत्तर जाहिरात देणाऱ्यालाही ठाऊक नसते. त्या शब्दात त्याने काहीच ठरवलेले नसते. जे काही ठरते ते मुलगी समोर येऊन उभी राहिल्यावर.

आम्ही शिक्षक माणसे, त्यामुळे आम्हाला हे गुणपत्रिकेच्या भाषेत लवकर कळते. पेपर तपासताना पाच गुणांच्या प्रश्नात कशाला किती गुण हे आधी ठरलेले असते. 'एकूण छाप' असा एखादा रकाना ठेवला आणि त्याचे निकष कुठेच लिहिले नाहीत, तर तपासणारा आपल्या मनातले काहीही त्या रकान्यात ओतू शकतो, आणि पुढे कोणी विचारले तरी ते सापडत नाही. नोकरीत असा रकाना कसा चालतो हे अमेरिकेतल्या एका खटल्यात फार स्पष्ट दिसले. त्या खटल्यात गुण देण्याची पद्धतच कोर्टासमोर उघडी पडली, म्हणून तो थोडा सविस्तर सांगतो.

2008 साली ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा शहरात समंथा इलाऊफ नावाच्या सतरा वर्षांच्या मुस्लिम मुलीने 'अ‍ॅबरक्रॉम्बी अँड फिच' या कपड्यांच्या कंपनीच्या दुकानात अर्ज केला. काम दुकानात ग्राहकांशी बोलण्याचे. या कंपनीत विक्रेत्यांना 'मॉडेल' म्हणत आणि त्यांच्या दिसण्याबद्दल 'लुक पॉलिसी' नावाची नियमावली होती. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी ठरलेल्या पद्धतीने तीन रकान्यांत गुण दिले. त्यांतला एक रकाना होता दिसण्याचा आणि पेहरावाच्या जाणिवेचा. तिन्ही रकान्यांत दोन-दोन, बेरीज सहा. कंपनीच्या हिशेबाने सहा म्हणजे घ्यायला योग्य. मुलगी पास झाली होती.

पण ती मुलाखतीला काळा रुमाल बांधून आली होती. लुक पॉलिसीत 'कॅप' घालायला मनाई होती, पण कॅप म्हणजे नेमके काय हे त्यात लिहिलेले नव्हते. मुलाखतकार बाईंना शंका आली, म्हणून त्यांनी वरच्या जिल्हा व्यवस्थापकाला विचारले. मुलगी बहुधा धर्मामुळे रुमाल बांधते, असे आपण त्याला सांगितल्याचेही त्या पुढे म्हणाल्या. उत्तर आले की घेऊ नका. मग काय केले? दिसण्याच्या रकान्यातला दोनचा आकडा बदलून एक केला. बेरीज पाच झाली. पाच म्हणजे नापास.

हा बदल वाचकांनी नीट पाहावा. मुलीचे बोलणे बदलले नाही, हिशेब बदलला नाही, तिचा चेहराही बदलला नाही. मधल्या काळात फक्त तिच्या रुमालाबद्दल एक निर्णय झाला होता. तो निर्णय त्याच्या खऱ्या नावाने कुठे लिहायचा नव्हता, म्हणून तो 'दिसण्या'च्या रकान्यात जाऊन बसला. हे छापील रकाने असलेल्या कंपनीत घडले. आपल्याकडच्या दुकानात तर कागदही नसतो, "फोन करून कळवतो" एवढे सांगितले की संपले.

समान रोजगार संधी पाहणाऱ्या तिथल्या सरकारी आयोगाने तिच्या वतीने दावा लावला. खालच्या कोर्टात ती जिंकली, 20 हजार डॉलर भरपाई ठरली. अपील कोर्टाने निकाल फिरवला. त्या कोर्टाचे म्हणणे असे की रुमाल धर्मासाठी आहे आणि त्यासाठी सवलत हवी, हे मुलीने स्वतः सांगायला हवे होते. जून 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक अशा मतांनी तो निकाल बाजूला सारला. सवलत द्यावी लागेल ही गोष्ट टाळण्याच्या हेतूने नाकारले असेल, तर हेतू पुरेसा आहे. मालकाला खात्रीने माहीत होते की नुसती शंका होती, याने फरक पडत नाही, असे न्यायालयाने म्हटले. पुढे कंपनीने भरपाई आणि कोर्टखर्च देऊन प्रकरण मिटवले. विक्रेत्यांना 'मॉडेल' म्हणणे आणि देखणेपणावर भरती करणे हेही कंपनीने त्याच वर्षी बंद केल्याचे जाहीर केले.

आता आपल्याकडे. हा निकाल ऐकून एका पालकांनी आम्हाला विचारले, "मग आपणही दावा लावू शकतो ना?" इथे आशा दाखवून फसवायला नको. आपल्या राज्यघटनेच्या 16व्या कलमात धर्म, जात, लिंग यांवरून नोकरीत भेदभाव करायला मनाई आहे, पण ती सरकारी नोकरीपुरती. खासगी दुकानदाराने कोणाला निवडावे यावर अमेरिकेसारखा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाही. काही कोपरे झाकलेले आहेत. बाई आहे म्हणून भरतीत डावलता येत नाही, हे 1976च्या समान वेतन कायद्यात होते आणि महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापनांच्या 2017च्या कायद्यातही आहे. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा 2016चा कायदा आहे. त्यात अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या, कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या आणि ठेंगण्या व्यक्ती येतात. मात्र त्याच यादीत स्टोव्हच्या भाजण्याचा नुसता डाग किंवा अंगावरचे पांढरे कोड येत नाही. सावळ्या रंगाचे तर नावच कुठे नाही. म्हणजे 'प्रेझेंटेबल' हा शब्द ज्या मुलींना सर्वांत जास्त लागतो, त्यांच्या हातात कायद्याचा कागद जवळजवळ नाहीच.

दुकानदारांची बाजूही ऐकली पाहिजे, आणि आपल्या वाचकांत दुकानदार पुष्कळ आहेत. ते म्हणतात, गिऱ्हाइकाला प्रसन्न चेहरा लागतो, त्यात आमचा काय गुन्हा? यात निम्मे खरे आहे. स्वच्छ कपडे, विंचरलेले केस, कापलेली नखे, तोंडाला वास नसणे, हसून बोलणे या गोष्टी काउंटरवर लागतातच. त्या मागण्यात अन्याय नाही, कारण त्या कोणालाही उद्या सकाळपर्यंत जमतात. उरलेल्या निम्म्यासाठी एक जुनी गोष्ट आहे. पॅन अ‍ॅम ही अमेरिकी विमान कंपनी प्रवाशांच्या सेवेला फक्त बायका घेत असे. प्रवाशांना तेच आवडते, असे तिचे म्हणणे होते. एका पुरुषाने दावा लावला. 1971 मध्ये अपील कोर्टाने सांगितले की कंपनीचे मूळ काम प्रवाशांना सुखरूप पोहोचवण्याचे आहे, आणि गिऱ्हाइकाची आवड हे पुरेसे कारण नाही.

शारीरिक अट खरोखर कामाची असेल तर ती आकड्यात लिहिता येते. एमिरेट्स ही विमान कंपनी केबिन क्रूसाठी टाचा उंचावून 212 सेंटीमीटरपर्यंत हात पोहोचला पाहिजे अशी अट घालत आली आहे, कारण विमानात आणीबाणीचे सामान तेवढ्या उंचीवर असते. ही अट काही मुलींना बाहेर ठेवते, पण मुलगी घरच्या भिंतीवर खूण करून स्वतः तपासू शकते. 'आकर्षक'ची खूण कुठल्या भिंतीवर करायची?

मुलींना आम्ही एवढे सांगतो. शब्दाला घाबरून अर्ज थांबवू नका, पण जाण्याआधी फोन करा. आधी कामाचे विचारा, वेळ विचारा, पगार विचारा, मग गणवेशाचे विचारा आणि त्याच ओघात रुमालाचे. जमले तर हा शेवटचा प्रश्न मेसेजवर विचारा, म्हणजे उत्तर लेखी राहते. काही ठिकाणी तिथेच नकार येईल, हे धरून चाला. निदान रिक्षाचे भाडे आणि एक सकाळ वाचते. अमेरिकेतल्या त्या मुलीला न सांगताही कायद्याने सांभाळले. इथे तो आधार नाही, म्हणून विचारणे बरे. आणि शिक्षण, अनुभव काहीही न विचारता आधी पूर्ण उंचीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागणारी, पत्ता न देणारी जाहिरात दिसली, तर ती नोकरीची नाही असे समजून अब्बा-अम्मींना दाखवा.

आमच्या ओळखीच्या एका दाताच्या डॉक्टरांनी गेल्या वर्षी रिसेप्शनिस्टसाठी लिहिलेला मजकूर आम्हाला तपासायला दिला होता. 'अविवाहित, स्मार्ट, दिसायला आकर्षक मुलगी पाहिजे.' आम्ही विचारले, ही मुलगी दिवसभर करणार काय? ते म्हणाले, फोन घेईल, वेळा वहीत लिहील, पैसे मोजेल, आणि दात दुखतो म्हणून रडत आलेल्या माणसाला बाकावर बसवून शांत करील. मग तेच लिहा, असे आम्ही म्हटले. नवा मजकूर असा झाला: 'दाताच्या दवाखान्यात फोन, नोंदवही व पैशांचा हिशेब पाहण्यासाठी स्त्री कर्मचारी पाहिजे. मराठी व हिंदी-उर्दू बोलता यावे. वेळ 10 ते 2 व 5 ते 9. एप्रन दवाखान्याचा, डोक्यावर रुमाल चालेल.' त्यातला 'स्त्री' हा शब्दही काढा असे आम्ही सुचवले होते, पण बायका पेशंट जास्त आहेत म्हणून तो त्यांनी ठेवला.

मुलाखतीसाठी त्यांनी चार रकाने केले: फोनवर बोलून दाखवणे, दहा नावे-वेळा वहीत उतरवणे, पाचशेच्या नोटेतून सुटे परत देणे, आणि घाबरलेल्या पेशंटशी बोलणे. प्रत्येकाला दहा गुण, आणि उमेदवार येण्याआधी रकाने आखलेले. 40 पैकी 34 गुण मिळवून निवडली गेली ती बाई 37 वर्षांची, दोन मुलांची आई आहे. पहिल्या मजकुराने ती दाराशीही आली नसती. पगाराचा आकडा मात्र डॉक्टरसाहेबांनी नव्या जाहिरातीतही छापला नव्हता. त्यावरून आमचा त्यांच्याशी वाद अजून चालू आहे.