बेरीज बरोबर होती, तरी एक मावशी उरत होत्या

मंडळी, पोस्ट जरा लांब आहे, पण दिवाळीनंतर काशीला किंवा केरळला ग्रुपने जायचा विचार असेल तर शेवटपर्यंत वाचा. आकडे आहेत, पण पाचवीच्या गणितापलीकडचं काही नाही.

आमचा सकाळी फिरायला जाणाऱ्यांचा ग्रुप. बहुतेक सगळे साठीच्या पुढचे. काशी-प्रयागराज-अयोध्या करायचं ठरलं. नाशिकरोडहून रेल्वे, पुढे तिकडे बस. सात रात्री, आठ दिवस. एका टूरवाल्याकडून कोटेशन आलं. नाव घेत नाही, कारण माणूस लबाड नव्हता आणि असंच कोटेशन मला आणखी दोन ठिकाणांहूनही आलं असतं. मी आयुष्यभर अकाउंट्समध्ये काम केलं, म्हणून कागद माझ्याकडे आला. "काका, एकदा नजर टाका, बेरीज बघा फक्त."

कोटेशनमध्ये चारच ओळी होत्या. माणशी १८,५०० रुपये, एका खोलीत दोघे. एकूण ३१ जण. त्यातल्या दोघांना स्वतंत्र खोली, त्याचे प्रत्येकी ९,८०० जास्त. वर ५ टक्के जीएसटी. एकूण ६,२२,७५५ रुपये.

मी कॅल्क्युलेटर घेतला. ३१ गुणिले १८,५०० म्हणजे ५,७३,५००. त्यात दोघांचे १९,६०० मिळवले की ५,९३,१००. त्याचा ५ टक्के कर २९,६५५. एकूण ६,२२,७५५. रुपयाचाही फरक नाही. ग्रुपवर अंगठे पडायला लागले, "चला, ॲडव्हान्स भरून टाकू."

मी म्हटलं, थांबा. बेरीज बरोबर आहे, पण माणसं झोपणार कुठे ते बघू.

३१ मधून स्वतंत्र खोलीवाले २ वजा करा. उरले २९. एका खोलीत दोघे, तर २९ माणसं कशी बसवणार? १४ खोल्यांत २८ जण गेले, एक जण उरतो. टूरवाल्याने हॉटेलला कळवलेल्या खोल्या विचारल्या, तर १६. म्हणजे २ सिंगल आणि १४ डबल. माणसं बसली ३०. एकतिसावं माणूस कोण?

आमच्यातल्या एक मावशी. वय ७४. काका गेल्यानंतरची त्यांची ही पहिलीच यात्रा. स्वतंत्र खोलीचे जादा पैसे परवडत नाहीत म्हणून त्यांनी ती मागितली नव्हती. कुणातरी बाईबरोबर आपली सोय होईल असं धरून चालल्या होत्या. टूरवाल्याला फोन केला तर तो अगदी सहज म्हणाला, "काका, एका कपलच्या रूममध्ये एक्स्ट्रा मॅट्रेस टाकून देऊ ना. सगळे तसंच करतात."

म्हणजे गुडघे दुखणाऱ्या ७४ वर्षांच्या बाईने पाच रात्री दुसऱ्या नवरा-बायकोच्या खोलीत जमिनीवर गादी टाकून झोपायचं. आणि त्याचे पैसे किती? पूर्ण १८,५००. पलंगावर झोपणाऱ्याइतकेच. हे त्यांना कधी कळलं असतं? वाराणसीला हॉटेलच्या काउंटरवर, रात्री, बॅगा हातात असताना. तेव्हा कोण भांडतं? माणूस गप्प बसतो.

म्हणून माझं म्हणणं आहे की कोटेशन तपासताना पैशांच्या आधी खाटा मोजा. एकूण माणसांतून सिंगलवाले वजा करा. उरलेला आकडा विषम आला तर कुणीतरी एकटं पडतंय, आणि ते कोण हे आत्ताच विचारा. ही वजाबाकी करायला एक मिनिट लागतं. आमच्या ३१ जणांत ती कुणीच केली नव्हती, मीही आधी बेरीजच केली होती.

दुसरी गोष्ट त्या ९,८०० ची. सिंगल सप्लिमेंट हा काही दंड नाही. दोघांच्या खोलीचं भाडं दोघांत वाटलं जातं. एकटा राहिला की दुसऱ्याचा अर्धा वाटाही त्याच्यावर येतो, एवढंच. मग ती रक्कम हॉटेलच्या रात्रींशी जुळायला हवी. मी ९,८०० ला ७ ने भागलं, बरोबर १,४०० आले. म्हणजे खोली २,८०० ची आणि हिशोब सात रात्रींचा. पण सात रात्री हॉटेलात आहोतच कुठे? जाताना एक रात्र रेल्वेत, येताना एक रात्र रेल्वेत. बर्थला कसलं सिंगल आणि कसलं डबल! हॉटेलच्या रात्री पाचच. पाच गुणिले १,४०० म्हणजे ७,०००. एकेकाकडून २,८०० जास्त लावले होते.

इथे एक सांगतो, म्हणजे कुणी उगाच वाद घालायला जाऊ नये. हॉटेल टूरवाल्याला नक्की काय दर देतं ते आपल्याला दिसत नाही. सीझन असेल, चांगलं हॉटेल असेल, तर अर्धा वाटा जास्तही असू शकतो. म्हणून "तुम्ही फसवताय" असं म्हणायचं नाही. "हे सप्लिमेंट किती रात्रींचं आणि रात्रीला किती?" एवढंच विचारायचं. मी विचारलं. दोन मिनिटं शांतता, मग म्हणाला, "हां काका, ते पॅकेजच्या नाइट्सने लागलंय. सॉफ्टवेअरमध्ये तसंच आहे." दुरुस्त करून दिलं. सॉफ्टवेअर कुणाचंही असो, पैसे त्या दोन एकट्या माणसांचे जात होते.

मावशींचं काय केलं? ग्रुपमध्ये दोघी बहिणी एका खोलीत होत्या. त्यांना विचारलं, त्या आनंदाने तयार झाल्या. तिघींची एक खोली, आणि धाकट्या बहिणीने स्वतःहून गादी घेतली. टूरवाल्याला सांगितलं की गादीचे रात्रीला ७०० धर, १,४०० नको. पाच रात्रींचे ३,५०० कमी. गादीवर झोपणारीला १५,००० दर लागला.

आता हिशोब पुन्हा, यावेळी खोल्यांप्रमाणे. १३ डबल खोल्यांत २६ जण, त्यांचे ४,८१,०००. तिघींच्या खोलीचे दोन पूर्ण आणि एक कमी दराने, ५२,०००. दोन सिंगल, प्रत्येकी २५,५०० प्रमाणे ५१,०००. बेरीज ५,८४,०००. कर २९,२००. एकूण ६,१३,२००. खोल्या त्याच १६, माणसं ३१, आणि कुणी उरत नाही. आधीच्या आकड्यापेक्षा ९,५५५ कमी. माणसांप्रमाणे केलेला हिशोब आणि खोल्यांप्रमाणे केलेला हिशोब, दोन्ही एका आकड्यावर यायलाच हवेत. येत नसतील तर कुठेतरी माणूस तरी हरवलंय नाहीतर खोली.

कराचं थोडक्यात. टूरवाला ५ टक्के लावतो तो पूर्ण पॅकेजवर, सप्लिमेंट धरून. ते बरोबर आहे. पण हॉटेलने त्याच्याकडून घेतलेला कर त्या १८,५०० मध्ये आधीच मुरलेला असतो. त्यामुळे खाली पुन्हा "हॉटेल टॅक्स" अशी वेगळी ओळ दिसली तर ती का, हे विचारा. बिलावर जीएसटी क्रमांक हवा. महाराष्ट्रातल्या नोंदणीचा असेल तर तो २७ ने सुरू होतो, आणि जीएसटीच्या साइटवर टाकला की नाव दिसतं. नोंदणीच नसेल तर त्याला कर घेताच येत नाही.

इथे आम्ही एक ठिकाणी हरलो तेही सांगतो. व्हॉट्सॲपवर पहिल्यांदा "१८,५०० ऑल इन्क्लुझिव्ह" असं आलं होतं. कोटेशनमध्ये कर वेगळा निघाला. माणशी ९२५ रुपयांचा फरक. टूरवाला म्हणाला, ऑल म्हणजे जेवण, नाश्ता, बस. आम्ही तेव्हाच "करासकट का?" असं लिहून विचारलं नव्हतं. सोडून द्यावं लागलं.

शेवटची ओळ बारीक अक्षरात होती. "दर किमान ३० प्रवाशांसाठी, खाली गेल्यास १९,९००." आम्ही ३१. एक जोडपं गळालं की २९, आणि बाकी सगळ्यांना माणशी १,४०० जास्त. का? बस आणि टूर मॅनेजरचा खर्च माणसं कमी झाली म्हणून कमी होत नाही, हे खरं. तो खर्च त्यानेच १,२०,००० सांगितला. ३० जणांत माणशी ४,०००, २९ जणांत ४,१३८. फरक १३८ रुपयांचा, मागणी १,४०० ची. अगदी २५ जण उरले तरी ४,८००, म्हणजे ८०० चा फरक. शेवटी लिहून घेतलं की ३० च्या खाली गेलो तर बस-मॅनेजरचा खर्च प्रत्यक्ष माणसांत वाटायचा, आणि वाढ ८०० च्या वर नाही.

आता माझं मत. आपल्याकडे ग्रुप टूरचा दर नेहमी जोडप्याला धरून काढतात. जो एकटा आहे, ज्याचा जोडीदार गेला आहे, तो एकतर जादा पैसे देतो नाहीतर भागाकारातली बाकी म्हणून गादीवर जातो. आणि यात्रेला निघणाऱ्यांत अशी माणसं आता कमी नाहीत, आपापल्या घरात बघा. एकट्याने खोली हवी तर अर्धा वाटा द्यावा लागेल, याबद्दल तक्रार नाही. पण त्याला तो वाटा किती रात्रींचा ते कळलं पाहिजे, आणि ज्याला खोली वाटून घ्यायची आहे त्याला कुणाबरोबर ते निघायच्या आधी कळलं पाहिजे. रेल्वेच्या आयआरसीटीसीच्या पॅकेजमध्ये सिंगल, डबल, ट्रिपल असे तीन दर वेगवेगळे छापलेले असतात. नाशिकच्या टूरवाल्यांना ते जमणार नाही असं काही नाही.

आणि आपल्या ज्येष्ठ नागरिक संघांनी, महिला मंडळांनी ॲडव्हान्स भरण्याआधी खोल्यांची यादी नावानिशी मागावी. कोण कुठल्या खोलीत, पलंग की गादी. ती देत नसतील तर पैसे देऊ नका. दिलेल्या कोटेशनप्रमाणे सोय झाली नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, पण तिथे दाखवायला हाच कागद लागतो.

मावशींना मी हे सगळं सांगितलेलं नाही. त्या खूश आहेत, गंगाजलासाठी तांब्या घासून ठेवलाय म्हणाल्या.