पन्नाशीचा प्रवास : एक मुक्काम, एक शिखर

पन्नासावा वाढदिवस प्रवासात साजरा करण्याचे ठरले की प्रथम स्थळांची यादी होते. वास्तविक पहिला प्रश्न वेगळा असावा : ज्या व्यक्तीचा वाढदिवस आहे, तिच्या वाट्याला या प्रवासात कोणती कामे येणार?

सांगलीच्या एका कुटुंबाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. जानेवारीत गृहिणीला पन्नास वर्षे पूर्ण होणार होती. मुलांनी पाच दिवसांत श्रवणबेळगोळ, हळेबीड, बेलूर, धर्मस्थळ, मूडबिद्री आणि म्हैसूर असा बेत आखला. त्यात चार ठिकाणी मुक्काम होता. म्हणजे वारंवार सामान बांधणे, पहाटे सर्वांना उठवणे आणि सूर्यास्तापूर्वी कांदा-लसणाविना जेवण कोठे मिळेल याची रोज नवी विवंचना. घरी हे सारे जी पाहते, तिच्याच अंगावर ते तेथेही पडले असते. शिवाय धर्मस्थळाच्या वाटेवरील शिराडी घाटाची वळणे सासूबाईंना सोसणारी नव्हती.

म्हणून दिवस तेवढेच ठेवून स्थळे निम्मी केली गेली. मिरजेहून रात्रीच्या रेल्वेने अर्सिकेरे, तेथून मोटारीने सुमारे ४० किलोमीटरवर हासन. आणि चारही रात्री तेथेच मुक्काम. स्वयंपाकघराशी जेवणाची वेळ व पथ्ये एकदाच बोलून ठेवली, तीही थोरल्या मुलाने. पहिला दिवस विश्रांतीचा ठरला.

दुसरा दिवस वाढदिवसाचा. हासनपासून श्रवणबेळगोळ सुमारे ५० किलोमीटर. विंध्यगिरीच्या सहाशेहून अधिक पायऱ्या अनवाणी चढाव्या लागतात आणि उन्हाने खडक तापतो. त्यामुळे सकाळी सातच्या सुमारास चढण सुरू करून दहापर्यंत उतरण्याचे ठरले. सासूबाईंसाठी डोलीची चौकशी आधीच केली. समोरचा चंद्रगिरी जवळ दिसतो, त्याच दिवशी तोही करावा असा मोह होतो. परंतु बाहुबलींच्या दर्शनानंतर त्या दिवशी दुसरे काहीच ठेवले नाही.

चढताना दम लागतो, पण गुडघे व पोटऱ्या दुखतात त्या उतरण्याने, आणि ते दुखणे बहुधा दुसऱ्या दिवशी जाणवते. म्हणून तिसरा दिवस मोकळा सोडला. चौथ्या दिवशी हळेबीड व बेलूर. दोहोंत अंतर अवघे १६ किलोमीटर. हळेबीडच्या पार्श्वनाथ बसदीतील आरशासारखे झळकणारे खांब पाहण्यास त्यामुळे निवांत वेळ मिळाला. पाचव्या दिवशी सावकाश आवराआवर करून सायंकाळी परतीचा रस्ता.

बेत पेलणारा आहे की नाही, हे ओळखण्याची खूण सोपी आहे. त्यातील कोणतेही एक स्थळ आयत्या वेळी गाळून पाहावे. पुढील आरक्षणे, गाड्या व जेवणे कोलमडत असतील, तर तो बेत दमवणारच. या कुटुंबाच्या आखणीत वाढदिवसाच्या सकाळीखेरीज काहीही गाळता येत होते.