रस्सा पाहून भाकरी

येसराची आमटी केली आणि ताटात पोळी वाढली, तर लातूर-नांदेडकडचा जुना माणूस जेवतो खरा, पण कुरकुरत. त्या कुरकुरीत सवयीचा भाग असेलच, तरी तिच्यामागे कारणही आहे. गहू, हरभऱ्याची डाळ आणि मसाले भाजून दळलेलं येसर पाण्यात कालवून उकळलं की आमटी जराशी मिळून येते, पण राहते पातळच. ती तोंडापर्यंत न्यायची तर रस्सा पिऊन घेणारं काहीतरी हाताशी हवं. घडीची पोळी तिथे कमी पडते. गव्हाच्या पिठाला ग्लुटेनचा चिवटपणा असतो आणि घडीत तेल, त्यामुळे रस्सा आत मुरण्याआधीच ओघळतो. वाट पाहावी तर पोळीच लिबलिबीत होते.

ज्वारीत ग्लुटेन नाही. म्हणून तर पीठ कढत पाण्यात भिजवावं लागतं: उष्णतेनं पिठातला स्टार्च फुगून चिकट होतो आणि त्याच्याच जोरावर भाकरी थापता येते. थापताना कडा चिरू लागल्या, तर पाणी पुरेसं तापलं नव्हतं किंवा पीठ जुनं होऊन त्याची विरी गेली होती, असं समजावं. असल्या पिठाला थोडी उकड काढून मळलं की ते बरंच वठणीवर येतं. भाकरी नीट फुगली की तिचे दोन थर होतात. वरचा पातळ पापुद्रा पिठलं किंवा वांग्याचं भरीत उचलायला, आणि खालचा जाड भाग आमटीत कुस्करायला. एकाच भाकरीत दोन्ही सोयी.

अंबाडीच्या भाजीची गोष्ट मात्र पातळपणाची नाही. शिजवून पहिलं पाणी काढलं तरी तिचा आंबटपणा उरतोच, म्हणून तिच्यात तुरीची डाळ आणि ज्वारीच्या कण्या घालतात. वरून लसणाची चरचरीत फोडणी. सौम्य, किंचित गोडसर ज्वारी हा आंबटपणा सावरून घेते. बाजरीची स्वतःचीच चव ठसठशीत असल्यामुळे तिथे दोघींची ओढाताण होते.

बाजरीला तिच्या तोलाचा जोडीदार मिळतो तो मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला. त्या दिवशी लातूर-धाराशिव भागातली माणसं घरं बंद करून शेतात जातात आणि जेवण असतं भज्जीचं. तुरीचे दाणे, हरभरा, वाटाणा, पावटा, भुईमुगाचे दाणे आणि मेथीसारख्या पालेभाज्या आधी एकत्र शिजवतात. मग चिंचेच्या कोळात किंवा ताकात कालवलेलं बेसन सोडून ढवळत राहतात आणि शेवटी लसूण-हिरव्या मिरचीची फोडणी देतात. बेसन सगळ्यांना धरून ठेवतं. भज्जी इतकी दाट व्हायला हवी की ताटात वाढल्यावर पसरू नये. पसरली तर बेसन कमी पडलं किंवा पुरतं शिजलं नाही. या दाट, आंबट-तिखट भज्जीसोबत बाजरीचे उंडे असतात. ते शोषत फारसं नाहीत, पण इथे शोषायला आहे तरी काय? गार पडलेला उंडा कुस्करून भज्जीत कालवला की झालं. कोरड्या घासाला वाट करून द्यायला ज्वारीच्या पिठाची, ताकातली आंबील असतेच.

मग पोळीनं जायचं कुठे? तिची जागा कोरड्या भाजीजवळ. बटाट्याच्या काचऱ्या, परतलेली भेंडी, शेंगदाण्याचं कूट घातलेली मेथी. अशा भाजीवर भाकरीचा तुकडा मोडतो आणि अर्धी भाजी ताटातच राहते. पोळी मात्र वळते, मुडपते, भाजी पोटात घेते. डब्यातही ती दुपारपर्यंत मऊ राहते. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यातल्या लंगरमध्ये पंजाबी वळणाची जाडसर रोटी आणि डाळ मिळते. तिथे पाहावं, गव्हाची रोटी डाळीबरोबर छान जमते, कारण डाळ घट्ट असते आणि रोटीवर ठरते.

पुरीचा स्वभाव वेगळा. तळताना तिच्यातलं पाणी वाफ होऊन निघून जातं आणि वर तेलाचा हात फिरतो. पातळ रस्सा तिच्यावरून निसटतो, म्हणून लग्नाच्या पंगतीत तिच्याजवळ बटाट्याची पिवळी, सुकी भाजी वाढतात. उत्तरेत पुरीबरोबर बटाट्याचा रस्साच खातात, हा आक्षेप रास्त आहे; पण तिथे काही फोडी हातानं कुस्करून रस्सा दाट केलेला असतो.

आणि पराठा? भरलेल्या पराठ्याच्या जवळ जाणारं मराठवाड्याचं धपाटं, पण यात सारण नसतं. ज्वारी, बेसन, थोडी कणीक, तीळ, लसूण, तिखट सगळं पिठातच मळलेलं, ओल्या फडक्यावर थापून तव्यावर तेल सोडून भाजलेलं. मीठ-मसाला आतच असल्यामुळे शेजारी आणखी मसालेदार भाजी ठेवली तर दोन्हींची चव मारली जाते. धपाट्याला घट्ट दही द्यावं, फार तर शेंगदाण्याची चटणी.